जीडीची पंधरा मिनिटं: सुरुवात कोणी करायची, मधे कसं घुसायचं आणि शेवटी गुंडाळायचं कसं

कॅम्पसचा सीझन सुरू झाला की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी इकडनं पोरापोरींचे एकाच टाइपचे मेसेज यायला लागतात. ऑनलाइन टेस्ट निघाली, आता मॅनेजमेंट ट्रेनीसाठी जीडी आहे, सर काय बोलू? त्यात सिनियर लोकांनी दिलेले सल्ले एकमेकांच्या डोक्यावर बसणारे. एक सांगतो काही झालं तरी पहिला तूच बोल, दुसरा सांगतो सुरुवात राहू दे पण शेवटची समरी सोडू नको, तिसरा म्हणतो फार तोंड उघडू नको, निदान उद्धट तरी दिसणार नाहीस. मी टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यातला, म्हणजे हातात मार्कांचा कागद घेऊन मागच्या खुर्चीत, आणि हे तिन्ही सल्ले तंतोतंत पाळणारी मुलं मला दर सीझनला दिसतात आणि बऱ्याचदा तिथेच अडकतात. म्हणून इथे सरळ एकच जीडी घेतो आणि त्यात कोणी काय केलं, मार्क कुठे पडले, कुठे गेले ते सांगतो. ग्रुप म्हणाल तर दोन-तीन ठिकाणचं पाहिलेलं जमवून केलाय आणि नंबर बदललेत, तेव्हा कोणी स्वतःला शोधत बसू नका.

## जीडीत नेमकं काय चालतं

जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन. आठ ते बारा उमेदवार गोल किंवा यू आकारात बसवतात, छातीवर नंबर लावतात, एक विषय देतात, विचाराला एक-दोन मिनिटं आणि मग बोलायला दहा ते वीस मिनिटं. खरी मेख अशी की कोणालाही लीडर नेमत नाहीत. पॅनलवाले दोघं-तिघं विषय वाचून दाखवतात आणि मग गप्प बसतात, अगदी भांडण झालं तरी सहसा मधे पडत नाहीत.

ही पद्धत कंपन्यांच्या डोक्यातनं आलेली नाहीये, ती लष्करातनं आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९४२ पासून अधिकारी निवडायला जी बोर्डं बसवली त्यात बिनलीडरची गटचर्चा होती, आपल्याकडे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत ती अजून आहे. मग १९५६ मधे अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे यांनी मॅनेजर लोकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला त्यात ती वापरली आणि तिथनं पुढे ती नोकरभरतीत पसरत गेली. स्टेट बँकेच्या पीओ भरतीत अलीकडच्या वर्षांत ग्रुप एक्सरसाइझला २० आणि इंटरव्ह्यूला ३० मार्क ठेवलेले दिसतात, म्हणजे प्रकार अजून जिवंत आहे.

आता मॅनेजमेंट ट्रेनीसाठीच याचा एवढा आग्रह का? कारण ट्रेनीला पहिलं वर्षभर या डिपार्टमेंटमधनं त्या डिपार्टमेंटमधे फिरवतात आणि तो जिथे जाईल तिथे त्याच्या हाताखाली कोणीच नसतं. लोट्याच्या किंवा महाडच्या एखाद्या केमिकल प्लांटमधे समजा टँकर उशिरा सुटतायत, तर स्टोअरवाला म्हणणार कागद आले नाहीत, लॅबवाला म्हणणार सॅम्पल उशिरा दिलं, ट्रान्सपोर्टवाला म्हणणार ड्रायव्हर जेवायला गेला, आणि या सगळ्यांहून वयाने लहान असलेल्या ट्रेनीने कोणालाही हुकूम न सोडता त्यातनं वाट काढायची. वाडीत शिमग्याच्या आधी बैठक बसते ना, पालखी कुठल्या दिवशी कोणाच्या अंगणात जाणार यावर, तसंच हे. तिथे सगळ्यात मोठ्याने बोलणारा एक असतोच, पण बैठक पुढे नेतो तो वेगळाच कोणीतरी, जो मधेच म्हणतो, "बरं, वरच्या वाडीचं ठरलं, आता खालच्या वाडीचं बोला." पॅनल त्याला शोधत असतं.

आमच्या कागदावर प्रत्येक नंबरसमोर एक ओळ असते. रकाने कंपनीप्रमाणे बदलतात पण साधारण चार गोष्टी येतात: मुद्द्यात दम आहे का, नीट मांडता येतं का, दुसऱ्याचं ऐकून बोलतो का आणि चर्चा पुढे सरकली का. बोललात की ओळीत एक खूण आणि पुढे दोन शब्द, "नवीन मुद्दा", "तेच परत", "तोडलं", "जोडलं" असे. ओळ कोरी राहिली तर पॅनलला तुम्ही कितीही हुशार वाटलात तरी मार्क कशाला द्यायचे?

आणि एक साधं गणित सुरू व्हायच्या आधीच करा. पंधरा मिनिटं आणि दहा जणं, म्हणजे माणशी दीड मिनिट. एकदम दीड मिनिट कोणी ऐकून घेत नाही, म्हणजे अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तीन-चार खेपा. बास, एवढाच खेळ आहे.

## विषय मिळाल्यावरची दोन मिनिटं

आपल्या ग्रुपला विषय होता: मासेमारीबंदी ६१ दिवसांवरून ९० दिवस करावी का?

किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगायला नको पण बाकीच्यांसाठी: महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि पावसाळी समुद्र, ही दोन कारणं. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना त्यातनं सूट असते.

दहापैकी सहा-सात जणांनी कागदावर काय लिहिलं तर "फायदे" आणि "तोटे" असे दोन रकाने आणि खाली वाक्यं. वाक्यं लिहिली की माणूस ती वाचतो, वाचली की मान खाली जाते, आणि वर बघेपर्यंत त्याचा मुद्दा दुसऱ्याने बोलून टाकलेला असतो. नंबर ७ ने वेगळं केलं. त्याने माणसं लिहिली, नुसती नावं: बोटमालक, तांडेल-खलाशी, मासे विकणाऱ्या बायका, बर्फ कारखाना, हॉटेलवाला, गिऱ्हाईक, सरकार. प्रत्येकासमोर दोन खुणा, यंदा काय होईल आणि तीन वर्षांनी काय होईल. अर्ध्या पानात चौदा जागा तयार झाल्या, त्यातल्या चार-पाच भरता आल्या तरी पंधरा मिनिटं पुरतात. विषय कुठलाही असो, ही युक्ती चालते, कारण प्रत्येक निर्णयाचा कोणावर तरी परिणाम होतोच आणि आज होणारा आणि नंतर होणारा वेगवेगळा असतो.

## सुरुवात: पहिला बोलण्यापेक्षा पहिलं काय बोलता

"यू मे स्टार्ट" म्हणायचा अवकाश, नंबर ४ ने उडी घेतली. कोकणाला ८७८ किलोमीटरचा किनारा आहे, मासेमारी हा कणा आहे, पर्यावरण महत्त्वाचं आहे, पण रोजगारही महत्त्वाचा आहे, त्यामुळे समतोल साधला पाहिजे. एक मिनिट चाळीस सेकंद. ऐकायला गोड, पण याच्यावर पुढचा माणूस काय बोलणार? समतोल साधायला कोणाची ना आहे? (किनाऱ्याचा आकडा टाकला, पण त्याचा बंदीच्या दिवसांशी संबंध काय ते त्याने सांगितलंच नाही.) माझ्या कागदावर "सुरुवात केली, दिशा नाही" असं पडलं. सुरुवात करणाऱ्याला मार्क मिळतात ते त्याने सगळ्यांना कामाला लावलं म्हणून, घाई केली म्हणून कोणी देत नाही.

हीच सुरुवात कशी करता आली असती बघा. नंबर ७ दुसरा बोलला आणि खरं तर चर्चा त्याच्यापासून सुरू झाली. त्याचं बोलणं साधारण असं: "६१ चे ९० म्हणजे २९ दिवस वाढणार. पण ते मागे वाढवायचे की पुढे? मागे वाढवले तर मे महिना जातो, पुढे वाढवले तर २९ ऑगस्टपर्यंत बंदी जाते. दोन्हीचे परिणाम वेगळे आहेत, तर आधी हे दोन पर्याय बघू आणि मग हो की नाही ते ठरवू का?"

मोजून पंचवीस सेकंदाच्या आत. त्यात तीनच गोष्टी झाल्या. प्रश्न नक्की काय आहे ते उलगडलं, त्यात फाटा कुठे फुटतो ते दाखवलं आणि पुढच्यांना बोलायला जागा करून दिली. स्वतःचं मत त्याने अजून दिलेलंच नाही, आणि ते चालतं. पुढची सहा-सात मिनिटं प्रत्येकजण "मे मधे" आणि "ऑगस्टमधे" असेच शब्द वापरत होता, आणि पॅनलला हेच बघायचं असतं की एखाद्याने घातलेली चौकट बाकीच्यांनी उचलली का.

व्याख्या सांगून किंवा थोरामोठ्यांचं वाक्य टाकून केलेली सुरुवात अगदी चुकीची असं नाही, फक्त त्या वाक्यानंतर चर्चा जिथे होती तिथेच राहते. विषय नीट माहीत नसेल तर सुरुवात करूच नका, दुसरा-तिसरा बोलण्यात काहीच कमीपणा नाही, नंबर ७ नेच दाखवलं ना.

## मधली दहा मिनिटं, जिथे बहुतेक मार्क असतात

पर्याय समोर आल्यावर नंबर ३ म्हणाली मे मधे बंद करणं चूक, तेव्हा आंब्याचा आणि पर्यटकांचा सीझन, मालवण-गुहागरला आलेला माणूस पापलेट-सुरमईच मागतो, भाव चांगला असतो, ऐन कमाईचा महिना जाईल. नंबर १० ने लगेच जोडलं की ऑगस्टमधे उलट आहे, श्रावणात बरीच घरं मासे खात नाहीत, मागणी आधीच कमी, तेव्हा ऑगस्टचं नुकसान मे एवढं बसणार नाही, शिवाय नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय समुद्रात जायचं नाही ही जुनी रीत आहेच. बघा, दोघांनी मिळून मुद्दा कसा चढवला. नंबर १० चं वाक्य "नंबर ३ म्हणाली त्याच हिशोबाने बघितलं तर" असं सुरू झालं, म्हणून आमच्या कागदावर "जोडलं" पडलं. तोच श्रावणाचा मुद्दा सुटा टाकला असता तर नुसता "नवीन मुद्दा" पडला असता.

मग नंबर ८ ने एक माहिती टाकली ज्याने चर्चा वळली. राज्याच्या हद्दीत पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या बोटींना २०१६ च्या आदेशापासून मुळात सप्टेंबर ते डिसेंबरच परवानगी आहे. म्हणजे बंदी २९ ऑगस्टपर्यंत नेली तरी त्यांचं फारसं काही जात नाही, मार बसतो तो ट्रॉलरवाल्यांना आणि इंजिन लावलेल्या छोट्या बोटींना. इतका वेळ सगळे "मच्छीमार" म्हणून एकच माणूस समजून बोलत होते, तो एकदम दोन-तीन माणसांत विभागला गेला. पाठ केलेल्या आकड्यात आणि अशा माहितीत हा फरक असतो. माहिती खरी असायला हवी हे तर आहेच, पण ती टाकल्यावर कोणाचं तरी आधीचं वाक्य बदलायला हवं. आणि खात्री नसेल तर आकडा सोडून द्या, पॅनलमधे त्याच धंद्यातला कोणी बसलेला असू शकतो आणि अंदाजे ठोकलेली टक्केवारी लगेच पकडली जाते.

याच्या नंतर मात्र बाजार भरला. असं झालं की जीडीवाले त्याला फिशमार्केट म्हणतात, चार-पाच जणं एकाच वेळी. नंबर ५ ओरडला, "वन बाय वन प्लीज!" हे वाक्य प्रत्येक जीडीत कोणीतरी ओरडतंच, आणि ते ओरडणारा माणूस गोंगाटात एक आवाज वाढवतो एवढंच होतं. कोणी थांबलं नाही. अर्ध्या मिनिटाने नंबर ७ जरा पुढे झुकून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मे नको यावर बहुतेक सगळे आहोत, मग ते बाजूला ठेवू, ऑगस्टमधे खलाशांच्या पगाराचं काय ते बोलू." आणि शांत झालं, कारण लोकांना गप्प बसायला सांगितलं की राग येतो पण पुढचं काम दिलं की ते त्या कामाला लागतात. गोंगाटात आवाज चढवण्यापेक्षा एक अख्खा मुद्दा बाजूला काढा, गर्दी आपोआप कमी होते.

आता नंबर २ कडे येऊ. ती सात मिनिटं काहीच बोलली नव्हती. दोनदा "आय..." म्हणून तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वरनं कोणीतरी गेलं. ती पूर्ण शांतता व्हायची वाट बघत होती, आणि जीडीत पूर्ण शांतता जवळपास येतच नाही. घुसायची जागा असते ती समोरच्याचं वाक्य संपून तो श्वास घेतो तिथे, अर्ध्या सेकंदाची. त्यात स्वतःचा मुद्दा सुरू करायला गेलात तर पुरत नाही, म्हणून पहिले तीन-चार शब्द समोरच्याचेच घ्यायचे, "खलाशांचं तू म्हणालास ते," असे, जरा ठाशीव आवाजात आणि त्याच्याकडे बघत. आपलं नाव किंवा आपलेच शब्द ऐकले की माणूस थांबतो. एकदा तोडलं तर सोडून द्या, दुसऱ्यांदा तोडलं तर "एवढं वाक्य पूर्ण करते" म्हणून पूर्ण करा, त्याचे मार्क जात नाहीत.

नंबर २ ला जागा मिळाली ती नंबर १० मुळे. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "नंबर २ मघाशी काहीतरी सांगत होती." ती म्हणाली की आमच्याकडे बर्फाचा कारखाना आहे, बंदीत तो जवळजवळ बंदच असतो, तरी विजेचा ठरावीक आकार आणि दोन माणसांचा पगार चालूच राहतो, तेव्हा बंदी वाढवली तर नुकसानभरपाईच्या यादीत नुसत्या बोटी धरून चालणार नाही. बावीस-तेवीस सेकंद असतील. त्या जीडीतला माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा.

इथे एक सावध करतो. गप्प बसलेल्याला बोलतं करणं हे क्लासमधे शिकवतात म्हणून हल्ली दर ग्रुपमधे कोणीतरी "नंबर ९, यू हॅव नॉट स्पोकन, प्लीज शेअर युवर व्ह्यूज" असं म्हणतंच. नंबर ४ नेही म्हटलं. बिचारा नंबर ९ गांगरला, "आय ॲग्री विथ एव्हरीवन" म्हणून बसला. बोलायला प्रयत्न करत असलेल्याला जागा देणं वेगळं आणि तयारी नसलेल्याला सगळ्यांसमोर उभं करणं वेगळं, दुसऱ्यात मदत कमी आणि देखावा जास्त, आणि मागच्या खुर्चीतनं ते कळतं.

## आपण डोक्यावर बसतोय हे कळायचं कसं

नंबर ४ वाईट मुलगा नव्हता, त्याला कळतच नव्हतं. शेवटी बेरीज केली तर पंधरा मिनिटातली जवळजवळ चार त्याने घेतलेली, दहा जणांत. स्वतःला हे कळत नाही कारण बोलताना वेळ भरभर जातो. त्यावर उपाय अगदी गावठी आहे: बोललात की कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका द्या, अर्ध्या मिनिटापेक्षा लांबलं असं वाटलं तर दोन. अर्धा वेळ व्हायच्या आत चार ठिपके झाले तर पुढची खेप मुद्द्याची नको, दुसऱ्याचं जोडायची किंवा प्रश्न विचारायची घ्या.

दुसरी खूण लोकांच्या तोंडावर असते. तुम्ही बोलून झालात की पुढचा माणूस तुमच्या मुद्द्यावर बोलतोय की तुम्ही संपायची वाट बघून स्वतःचंच सुरू करतोय? दोनदा लागोपाठ दुसरं घडलं तर समजा ग्रुपने तुम्हाला ऐकणं सोडलंय. नंबर ४ चं तिसऱ्या खेपेपासून तेच झालं.

आणि ज्यांचा आठव्या मिनिटापर्यंत एकही ठिपका नाही त्यांनी नवीन मुद्दा शोधत बसू नये. तोवर मुद्दे संपलेले असतात. दोघांच्या बोलण्यातला विरोध दाखवा, "नंबर ३ म्हणते भाव जातो आणि नंबर ८ म्हणतो मासा वाढतो, पण भाव यंदा जातो आणि मासा वाढला तर नंतर, मधल्या काळात खलाशी खाणार काय?" असं एक वाक्य उशिरा आलं तरी ओळ भरून निघते.

## समरी: गटाचं सांगायचं, आपलं नाही

शेवटचं मिनिट उरलं की पॅनल कधी कधी म्हणतं कोणीतरी समरी करा, कधी प्रत्येकाला अर्धं अर्धं मिनिट देतं, कधी काहीच सांगत नाही. नंबर ४ ने इथेही हात मारला. "सो वी ऑल ॲग्री दॅट द बॅन शुड बी एक्स्टेंडेड." सगळे? नंबर ३ अजिबात तयार नव्हती, तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि तो तसाच पुढे बोलत राहिला. एकमत नसताना एकमत झालं म्हणून सांगणं याच्याइतके मार्क दुसऱ्या कशात जात नाहीत. उद्या हाच ट्रेनी मीटिंगचा रिपोर्ट साहेबांना देणार आहे ना?

पॅनलने मग नंबर २ ला विचारलं. ती दोन खेपाच बोललेली पण बाकीचा वेळ तिने कागदावर तीन ओळी चालवल्या होत्या, "पटलं", "नाही पटलं", "राहिलं". तिने ते कागद वाचून नाही, सगळ्यांकडे बघून सांगितलं: "मे मधे बंदी नको यावर जवळपास सगळे आहेत. ऑगस्टमधे वाढवावी का यावर दोन मतं राहिली, काहींच्या मते श्रावणामुळे नुकसान कमी आणि मासा वाढायला वेळ मिळेल, काहींच्या मते छोट्या बोटवाल्यांना महिनाभराचा खाडा झेपणार नाही. भरपाई कोणाकोणाला द्यायची, बोटीच की बर्फ कारखाने आणि विक्रेत्या बायकाही, हे ठरलं नाही."

पस्तीस-चाळीस सेकंद. नवीन मुद्दा एकही नाही, स्वतःचा बर्फ कारखानाही "राहिलं" मधेच टाकला, वर चढवला नाही. समरी बरोबर झाली का ते तपासायची माझी कसोटी सोपी आहे, विरुद्ध मताचा माणूस ती ऐकून होकारार्थी मान डोलावतो का. नंबर ३ ने डोलावली. ग्रुपचा निर्णय झाला नाही तर तसं सांगायला घाबरू नका, निकाल लागलाच पाहिजे असा कुठे नियम नाही.

त्या ग्रुपमधनं ७, १० आणि २ पुढे गेले, ८ वर वाद झाला आणि शेवटी इंटरव्ह्यूला बोलावला.

## "पण शेवटी जास्त बोलणाऱ्यालाच घेतात ना?"

या शंकेत तथ्य आहे, उगाच नाकारत नाही. बर्नार्ड बास नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमाराला अशाच बिनलीडरच्या चर्चा तपासल्या होत्या आणि त्यात जो जास्त वेळ बोलतो त्याला निरीक्षक जास्त मार्क देतात असा घट्ट संबंध दिसला. नंतरच्या संशोधनातही हे परत परत आलंय. म्हणजे पूर्ण गप्प बसून "माझी क्वालिटी बघा" म्हणणं धोक्याचंच. पण यावरूनच पॅनलला खेपेगणिक खुणा करायला लावतात, म्हणजे नुसता आवाज लक्षात राहू नये. पॅनल ट्रेन केलेलं नसेल, कागदच नसेल, तर मात्र बोलघेवडा माणूस सुटून जातो, हे मी पाहिलंय. काही आयआयएमनी जीडी काढून त्याजागी लेखी परीक्षा आणली, ती काय उगाच नाही. शांतपणे बसून खोल विचार करणारा माणूस पंधरा मिनिटात दिसत नाही ही या पद्धतीची मर्यादा आहे, म्हणून नीट कंपन्या एकट्या जीडीवर कोणाला घेत नाहीत.

## "माझं इंग्लिश कच्चं आहे"

आधी विचारून घ्या, भाषा कुठली चालेल. बऱ्याच ठिकाणी इंग्लिशच लागतं, काही ठिकाणी हिंदी मिसळलेलं चालतं, सुरू व्हायच्या आधी नम्रपणे विचारलं तर कोणी मार्क कापत नाही. इंग्लिशच असेल तर मुद्दा आठ-दहा शब्दांच्या वाक्यात तोडा. वर नंबर २ चं मी मराठीत लिहिलंय पण ती प्रत्यक्षात बोलली ती अशीच: "वी हॅव ॲन आइस फॅक्टरी. इन द बॅन इट इज ऑलमोस्ट शट. बट सॅलरी इज स्टिल पेड." व्याकरणाला नावं ठेवायला जागाच नाही. जोडायला दोन-तीन वाक्यं जिभेवर ठेवा, "आय वॉन्ट टू ॲड टू नंबर थ्रीज पॉइंट", "आय सी इट डिफरंटली, बिकॉज", "कॅन वी मूव्ह टू", एवढ्यावर अख्खा जीडी निघतो. उच्चारात कोकणी हेल आला तर येऊ दे, समोरच्याला शब्द कळला की झालं.

## "मधेच माझं मत बदललं तर?"

तर सांगून बदला. "नंबर ८ ने पर्ससीनचं सांगितल्यावर मला ऑगस्टचा पर्याय तेवढा सरळ वाटत नाही" असं म्हटलं की कागदावर ऐकण्याच्या रकान्यात खूण पडते. न सांगता बदललात तर मात्र तोच माणूस आधी हो आणि नंतर नाही म्हणताना दिसतो.

## ऑनलाइन जीडी आणि घरची तालीम

ऑनलाइनमधे श्वासाची जागा सापडत नाही कारण आवाज जरा उशिरा पोचतो, म्हणून तिथे हात वर करायचं बटण वापरा आणि बोलायला लागायच्या आधी नंबर सांगा. आपल्याकडे पावसात लाइट आणि रेंज कधी जाईल सांगता येत नाही, तर कॉलेजच्या लॅबमधे किंवा गावात जिथे फायबर आहे तिथे जाऊन बसा, आणि मधेच कट होऊन परत आलात तर "सॉरी, आय वॉज डिसकनेक्टेड, व्हॉट डिड आय मिस?" विचारण्यापेक्षा अर्धं मिनिट ऐका आणि मग बोला.

तालमीला क्लास लागत नाही. सहा-सात जणं जमा, एक मोबाइल मधे रेकॉर्डिंगला, नऊ-दहा मिनिटं, आणि एकाने बाहेर बसून माझ्यासारखा कागद भरायचा. मग रेकॉर्डिंग लावून प्रत्येकाचे सेकंद मोजा, आणि प्रत्येक खेपेला त्याच्या आधीच्या माणसाचा एकतरी शब्द त्यात आलाय का ते बघा. पहिल्या वेळी बहुतेक खेपांत तो नसतो.

आणि पॅनलने "टाइम" म्हटलं की थांबा. तुमचं वाक्य अर्धं राहिलं असलं तरी थांबा, कारण तोवर आमची पेनं खाली ठेवलेली असतात.